ठिबकच्या ब्रोशरचं मराठी: किती बदलायचं आणि कंपनीला कसं पटवायचं?

प्रश्न: सांगलीत एका छोट्या जाहिरात संस्थेत काम करतो. ठिबक संच बनवणाऱ्या कंपनीचं आठ पानी इंग्रजी ब्रोशर मराठीत करायला आलंय. टॅगलाइन आहे ‘एव्हरी ड्रॉप डिलिव्हर्स’. मी ‘प्रत्येक थेंब परिणाम देतो’ असं केलं. मार्केटिंग मॅनेजर म्हणतात, बरोबर आहे पण जीव नाही. मोकळं करून लिहिलं तर म्हणतात, मूळ अर्थ बदलला. नक्की किती बदलायचं, आणि ते त्यांना पटवायचं कसं?

उत्तर:

मॅनेजरांच्या दोन तक्रारी एकमेकींच्या विरोधात वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. त्या ओळीचा अर्थ तुम्हा दोघांनाही माहीत आहे, मात्र तिनं काय काम करायचं हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे तुम्ही अर्थ धरून बसता, ते परिणाम शोधत बसतात आणि मसुदा नुसता इकडून तिकडे फिरत राहतो.

असं काम आलं की मजकुराला हात लावण्याआधी मी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घेतो. हे ब्रोशर कुणाच्या हातात पडणार? त्या माणसाचं आज ठिबकबद्दल काय मत आहे? आणि वाचून झाल्यावर त्यानं काय करावं? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘ठिबक घ्यावं’ असं येतं, तिथं थांबू नका. ब्रोशर वाचून कुणी संच विकत घेत नाही. तो डीलरला ‘रान बघायला या, कोटेशन द्या’ म्हणतो. ब्रोशरचं काम तिथपर्यंतच आहे, आणि हे ठरलं की कुठलं वाक्य राहावं नि कुठलं जावं यावरचे निम्मे वाद मिटतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या जिल्ह्यात एक नाही, आणि खरी मेख इथंच आहे. इंग्रजी ब्रोशर बहुधा ‘पाणी वाचवा’ या पायावर उभं असणार. जत, आटपाडी किंवा कवठेमहांकाळच्या दुष्काळी गावांत तो पाया भक्कम आहे. टेंभू-म्हैसाळचं पाणी आलं तरी ते पाळीनं येतं, आणि बाग आहे त्या पाण्यात उन्हाळा काढेल का, ही चिंता तिथल्या माणसाला कायम असते. पण तेच ब्रोशर घेऊन कृष्णाकाठी वाळवा-पलूसला जा. नदी उशाला आहे. पाणी वाचवून काय करायचं, असा प्रश्न तिथला ऊस उत्पादक मनात तरी विचारतोच. त्याचं दुखणं निराळं आहे. वर्षानुवर्षं पाटपाणी भरपूर दिल्यानं आणि निचरा नसल्यानं काळी रानं क्षारपड होत चालली आहेत, खत पाण्याबरोबर मुळाखाली निघून जातंय, शेतीची लाइट रात्रपाळीला असली की अंधारात दारं धरायला जावं लागतंय, आणि त्या कामाला माणूस मिळत नाही. ठिबकची नळी दोन्हीकडे तीच असते. ती घ्यायचं कारण मात्र वेगळं असतं.

म्हणून पहिला निर्णय असा घ्या की टॅगलाइन एकच असेल आणि ती दोन्हीकडे चालली पाहिजे. आतला मजकूर मात्र पिकाप्रमाणे किंवा भागाप्रमाणे बदलता यायला हवा. कंपनी दोन आवृत्त्या छापायला तयार नसेल तर निदान मधलं एक पान बदलतं ठेवा, उसाचं वेगळं आणि द्राक्ष-डाळिंबाचं वेगळं.

आता टॅगलाइनकडे येऊ. ‘एव्हरी ड्रॉप डिलिव्हर्स’ ही ओळ तीन गोष्टी करते. काही वाया जात नाही असं सांगते, आमचा माल दिलेला शब्द पाळतो असा भरवसा देते, आणि हे सगळं छातीठोकपणे, थोडक्यात म्हणते. तिन्ही मराठीत यायला हव्यात. ‘डिलिव्हर’ हे क्रियापद आलं नाही तरी बिघडत नाही. तुमच्या ‘परिणाम देतो’मध्ये पहिली गोष्ट कशीबशी येते, दुसरी येत नाही, आणि तिसरी तर पुरती जाते, कारण परिणाम ‘होतो’. परिणाम ‘देतो’ असं आपण बोलत नाही. वाचणारा व्याकरण काढून दाखवणार नाही, पण हे कुठून तरी उचलून आणलेलं आहे एवढं त्याला नक्की कळतं.

पर्याय काढायला बसलात की तीन मोह हमखास होतील. पहिला म्हणजे ‘समृद्धी’, ‘प्रगती’, ‘भरभराट’. ‘थेंबातून समृद्धी’ ऐकायला गोड आहे, पण कृषी सेवा केंद्रात उभं राहून चारही बाजूंना बघा, खताच्या अर्ध्या पोत्यांवर आणि कॅलेंडरांवर हेच शब्द दिसतील. ओळ झाकून कंपनीचं नाव ओळखता येणार नसेल तर ती ओळ कुणाचीच नाही.

दुसरा मोह थेंब आणि पीक यांची जोडी लावण्याचा. प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेतल्या ज्या घटकातून ठिबकला अनुदान मिळायचं, त्याचं नावच ‘प्रति थेंब अधिक पीक’ आहे. शेतकऱ्यानं ते अर्जावर, बॅनरवर, कृषी कार्यालयाच्या भिंतीवर वाचलेलं आहे. तुमची ओळ त्या वळणावर गेली की ती कंपनीची न वाटता सरकारी वाटते, आणि डीलरकडे पहिला प्रश्न येतो तो अनुदानाचा.

तिसरा मोह मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो अस्सल मराठी वाटतो. ‘थेंबे थेंबे तळे साचे’वर काहीतरी करावं असं प्रत्येकाला सुचतं. पण ही म्हण साठवण्याची आहे. ठिबकचा सगळा मुद्दा पाणी साचू न देण्याचा आहे. ज्याच्या रानात पाणी साचून साचून पांढरा थर आलाय त्याला तुम्ही तळ्याची आठवण करून देताय. म्हण कानाला परिचयाची आहे म्हणून ती मनही वळवेल असं नाही. ती कुठल्या दिशेनं ओढते हे आधी तपासायला हवं.

मी या कामासाठी ‘थेंब न् थेंब कारणी’ या ओळीपर्यंत आलो असतो. पैसा कारणी लागला, कष्ट कारणी लागले, असं आपण रोज म्हणतो. त्यात वाया न जाणं येतं आणि चीज होणंही येतं, म्हणजे पहिल्या दोन्ही गोष्टी साधतात. ‘थेंब न् थेंब’ला ठेका आहे, त्यामुळे ओळ तोंडात बसते. जतच्या माणसाला तो थेंब पाण्याचा वाटेल. पलूसच्या माणसाला आत गेल्यावर त्यातलं खतही दिसेल. क्रियापद गाळलेलं असल्यानं ती बॅनरवर मोठ्या अक्षरांत बसते, आणि रेडिओसाठी ‘कारणी लागतो’ असं पूर्णही म्हणता येतं. तुम्हाला याहून चांगली ओळ सुचेलही. मोजमाप मात्र हेच ठेवा.

एक गोष्ट आधी विचारून घ्या. इंग्रजी टॅगलाइन बोधचिन्हाला जोडून नोंदवलेली असेल तर कंपनी ती हलवू देणार नाही. अशा वेळी बोधचिन्हाखाली इंग्रजी ओळ आहे तशी राहू द्या आणि मराठी ओळ मुखपृष्ठाचा मथळा म्हणून वापरा. इंग्रजी ओळ देवनागरीत उतरवून काहीच साधत नाही. ती ना इंग्रजी वाचणाऱ्याची राहते, ना मराठी वाचणाऱ्याची होते.

आतल्या मजकुराचा एक परिच्छेद उदाहरण म्हणून घेऊ. अशा ब्रोशरचा शब्दशः अनुवाद साधारण असा होतो: ‘आमची अत्याधुनिक ठिबक सिंचन प्रणाली आपल्याला आपल्या पिकांना अचूकपणे पोषण देण्यास सक्षम करते, ज्यामुळे पाण्याची लक्षणीय बचत होते आणि उत्पादनात वाढ होते. आजच फरक अनुभवा.’ यात चूक काही नाही. पण प्रणाली सक्षम करते, बचत होते, वाढ होते, आणि शेतकरी कुठं दिसतच नाही. शिवाय ‘आपल्याला आपल्या’ हा सूर बँकेच्या पत्राचा आहे. ब्रोशरला ‘तुम्ही’ पुरतं. त्यात मान कमी होत नाही आणि वाक्य जवळ येतं.

कृष्णाकाठच्या उसाच्या पानासाठी मी ते असं लिहीन:

‘सरीत पाणी सोडलं की आधी रान चिबड होतं, मग पुढच्या पाळीपर्यंत ताण बसतो. वाफसा मिळतो तो मधल्या थोड्याच दिवसांत. ठिबकवर उसाला रोज लागेल तेवढंच पाणी मुळाशी मिळतं, म्हणून रान वाफशावर राहतं. खतही त्याच नळीतून मुळाशी जातं. तुमच्या रानाला कोणता संच बसेल, ते डीलरला रान दाखवून ठरवा.’

मुळातलं एकही वाक्य यात जसंच्या तसं नाही. तरी मुळात जे पटवायचं होतं त्यातलं या वाचणाऱ्याच्या कामाचं ते आहे. ‘अचूक पोषण’ म्हणजे मुळाशी जाणारं खत. ‘फरक अनुभवा’ची जागा डीलरला रान दाखवण्यानं घेतली, कारण आपल्याला करून घ्यायचं होतं ते तेच. आणि वाफसा हा शब्द आला की वाचणाऱ्याला सिंचनाचं शास्त्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुळांना पाणीही आहे आणि हवाही आहे, ही स्थिती तो ढेकूळ हातात घेऊन ओळखतो.

पाणी वाचण्याचा मुद्दा या पानावरून मी मागं सरकवला. जतच्या द्राक्षाच्या पानावर तोच पहिल्या ओळीत येईल: ‘पाळी लांबली तरी बागेला ताण बसू नये, एवढं पाणी तुमच्या शेततळ्यात असतं. प्रश्न ते मुळापर्यंत पोचवण्याचा असतो.’ मात्र प्रत्येक वाचणाऱ्याकडे शेततळं असेलच असं नाही, म्हणून हे वाक्य वापरण्याआधी डीलरला विचारा. त्याच्या गिऱ्हाइकांत विहिरी-बोअरवाले जास्त असतील तर वाक्य बदलायला हवं.

बोलीचं काय, असं पुढं विचाराल. शब्द त्यांचे घ्या, वाक्य प्रमाण मराठीत ठेवा. रान, चिबड, ताण, वाफसा, दारं धरणं हे सगळं चालेल. पण ‘पानी वाचतंय बघा पावनं’ असलं काही छापू नका. बोलताना जो ते सहज म्हणतो त्यालाही छापील कागदावर ते आपली नक्कल केल्यासारखं वाटतं. आणि ब्रोशर राज्यभर जाणार असेल तर ‘रान’ऐवजी ‘शेत’ आणि ‘दारं धरणं’ऐवजी ‘पाणी भरणं’ घ्या. वाफसा सगळीकडे समजतो. तांत्रिक तक्त्यात उलटी काळजी घ्या. लॅटरल, सबमेन, ड्रीपर, फिल्टर, व्हेंच्युरी, सोळा एमएम हे शब्द शेतकरी आणि फिटर दोघेही रोज वापरतात. त्यांना ‘पार्श्व नलिका’ आणि ‘उपमुख्य वाहिनी’ केलंत तर सुटा भाग मागायला आलेला माणूस अडेल.

‘किती बदलायचं’ याची माझी रेषा अगदी सरळ आहे. पटवण्याची पद्धत हवी तेवढी बदला, दावा तसूभरही बदलू नका. मी काम सुरू करताना इंग्रजी प्रतीवर दोन रंगांनी खुणा करतो. आकडे, वॉरंटी, आयएस क्रमांक, अनुदानाबद्दलचं वाक्य आणि तारांकित टीप एका रंगात; बाकी सगळं दुसऱ्या रंगात. पहिल्या रंगातलं जसंच्या तसं उतरवायचं.

यात सर्वाधिक घसरतो तो ‘पर्यंत’. मुळात ‘चाळीस टक्क्यांपर्यंत बचत’ असतं आणि मराठी मथळा होतो ‘पाण्यात ४० टक्के बचत!’ पहिलं वाक्य कमाल मर्यादा सांगतं, दुसरं प्रत्येकाला तेवढ्याची हमी देतं. मथळा लहान करायचा असेल तर आकडाच काढा, ‘पर्यंत’ काढू नका. तारांकित टीप इंग्रजीत ठेवून बाकी मराठी करण्याची सवयही सोडा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जाहिरातीतला दावा ज्या भाषेत आहे, खुलासाही त्याच भाषेत हवा. मॅनेजर ‘टीप राहू द्या इंग्रजीत’ म्हणाले तर एवढं सांगा.

याचीच दुसरी बाजू अशी की मोकळेपणानं लिहिताना तुमच्याकडून नवा दावा जन्माला येऊ शकतो. वरच्या परिच्छेदात ‘रात्री उठायची गरज नाही’ असं लिहायचा हात शिवशिवतो, कारण ते फार प्रभावी आहे. पण रानाचे दोन-तीन भाग पाडून ठिबक बसवलं असेल आणि व्हॉल्व्ह हातानं फिरवायचे असतील, तर रात्रीच्या लाइटला उठावंच लागतं. म्हणून ते वाक्य ‘अंधारात सऱ्यांतून चिखल तुडवत दारं मोडायला नको’ इथपर्यंतच नेता येतं. तसंच क्षारपडचं. ठिबकनं जादा पाणी देणं थांबतं आणि पुढचं बिघडणं आटोक्यात राहायला मदत होते. आधीच क्षारपड झालेलं रान निचऱ्याची सोय केल्याशिवाय सुधारत नाही. ‘क्षारपड जमिनीवर उपाय’ असा मथळा दिलात तर तो खोटा ठरेल, आणि तो पहिल्यांदा डीलरच्या काउंटरवर खोटा ठरेल. मुळात नसलेलं असं प्रत्येक वाक्य मी वेगळं काढून कंपनीच्या कृषितज्ज्ञाकडून लेखी मान्य करून घेतो. मार्केटिंगची मान्यता त्याला पुरत नाही.

आता मॅनेजरांना पटवण्याबद्दल. त्यांना नुसता मराठी मसुदा पाठवू नका. टॅगलाइन आणि मथळ्यांसाठी तीन रकान्यांचा कागद करा. पहिल्या रकान्यात मराठी ओळ, दुसऱ्यात त्या ओळीचा परत इंग्रजीत केलेला साधा शब्दशः अर्थ, तिसऱ्यात ही ओळ मूळ ओळीचं कोणतं काम करते आणि काय सोडून देते. ‘थेंब न् थेंब कारणी’समोर मी स्पष्ट लिहीन की ‘देण्याची’ कल्पना इथं सुटली आहे, तिच्या जागी ‘चीज होण्याची’ आली आहे. काय गेलं हे आपण आधीच सांगितलं की ‘अर्थ बदलला’ हा आक्षेप उरत नाही, निवड उरते. पर्याय तीनच द्या: एक मुळाला बिलगून असलेला, एक मधला, एक मोकळा. जास्त दिलेत तर ते तुकडे जोडून चौथी ओळ तयार करतील आणि ती कुणालाच आवडणार नाही.

त्याआधी ओळी कानावर घालून बघा. आष्ट्याच्या एखाद्या डीलरकडे आणि जतच्या एखाद्याकडे, गिऱ्हाईक असताना जा. कागद दाखवू नका, ओळ म्हणून दाखवा आणि ‘यातून काय कळलं?’ एवढंच विचारा. ‘छान आहे’ला काही किंमत नाही, आपल्याकडे समोरच्याचं मन मोडत नाहीत. त्यानं स्वतःच्या शब्दांत परत सांगितलं, ‘म्हणजे पाणी-खत वाया जात नाही म्हणतात’, तर ओळ पोचली. ‘म्हणजे काय?’ आलं तर ओळ गेली. आणि ऐकल्याबरोबर ‘अनुदान किती?’ आलं तर ती योजनेसारखी वाजतेय. ही उत्तरं जशीच्या तशी लिहून त्याच कागदाला जोडा. पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसाला माझ्या-तुमच्या मतापेक्षा काउंटरवरचं वाक्य लवकर पटतं.

पैशाचंही आधीच बोला. तक्ते, वॉरंटी आणि वापराच्या सूचना शब्दांवर मोजा, कारण तो अनुवादच आहे. टॅगलाइन आणि मथळ्यांची रक्कम वेगळी, ठोक घ्या. तीन शब्दांच्या ओळीला शब्दांचा दर लावलात तर तुम्ही ती तीन मिनिटांत कराल, आणि ती तशीच दिसेल.

शेवटचं काम मांडणीचं. इंग्रजी डिझाइनच्या चौकटीत मराठी ओतली की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात, म्हणून ओळींमधलं अंतर वाढवून घ्या आणि त्याची जागा मजकूर कापून काढा, अक्षर लहान करून नको. ब्रोशर वाचणाऱ्यांत चाळिशीपुढचे बरेच असतात. युनिकोडमधला मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलून लावला असेल तर ‘सऱ्या’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांतला र हटकून बिघडतो आणि ‘न् थेंब’मधला पाय मोडलेला न पुढच्या थला चिकटतो. छपाईला सोडण्याआधी शेवटची पीडीएफ स्क्रीनवर नको, कागदावर काढून वाचा, आणि ज्यानं मजकूर आधी पाहिलेला नाही अशा माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. तो जिथं अडखळेल ते वाक्य तोडा.